जुळे सोलापुरातील भाकरी-थाळी क्लाउड किचन: खर्च, जागा आणि रोजच्या विक्रीचा आराखडा

हा आराखडा आम्ही दोघी नणंद-भावजयींनी भांडवलात वाटा देणारे दादा आणि कर्ज देणारी बँक यांच्यासाठी लिहिला आहे. बसून जेवायची सोय नसेल. ज्वारीची भाकरी, पिठलं, भरली वांगी, शेंगाचटणी आणि ठरावीक वारी मटण एवढंच करायचं. पनीर, नूडल्स, बिर्याणी नाही. पदार्थ वाढले की फ्रिज भरतो आणि माल वाया जातो.

पदार्थांचा हिशेब

सगळे भाव करापूर्वीचे आहेत. माल मार्केट यार्डातून आठवड्याला घ्यायचा असं धरलं आहे.

पिठलं-भाकरी थाळी, किंमत 120 रुपये. दोन भाकऱ्यांना 160 ग्रॅम पीठ लागतं. मालदांडी ज्वारी दळणासह 56 रुपये किलो धरली तर 9 रुपये होतात. बेसन 5, तेल 3, शेंगाचटणी 4.50, कांदा-मिरची-लसूण-कोथिंबीर-ठेचा 8.50. एकूण माल 30 रुपये, म्हणजे फूड कॉस्ट 25 टक्के. पॅकिंग 11 रुपये वेगळं.

भरली वांगी थाळी, किंमत 150. भाकरी 9, वांगी 7.50, दाण्याचं कूट 5, तेल-मसाला 8, वरण-भात 9, चटणी 4.50, लिंबू-कांदा 2. एकूण 45 रुपये, 30 टक्के. पॅकिंग 13.

मटण थाळी, किंमत 360. कच्चं मटण 150 ग्रॅम, 800 रुपये किलोने 120. रस्सा आणि तेल 18, भाकरी 9, भात 5, कांदा-लिंबू 4. एकूण 156, म्हणजे 43 टक्के. पॅकिंग 14. टक्का जास्त दिसला तरी माल आणि पॅकिंग जाऊन थाळीमागे 190 रुपये उरतात. पिठल्याच्या थाळीत उरतात 79. म्हणून नुसत्या टक्क्यावर पदार्थ ठरवलेले नाहीत. मटण बुधवार, शुक्रवार आणि रविवारी, फक्त आगाऊ ऑर्डरवर. सुरुवात जुलैत आहे आणि मागोमाग श्रावण, त्यामुळे गणपती होईपर्यंत मटण नाही.

महिन्याचा डबा 90 रुपये रोज, 26 दिवसांचे 2,340. माल 36 रुपये, 40 टक्के. स्टीलचा डबा परत येतो, म्हणून पॅकिंगचा खर्च नाही. धंद्याचा खरा आधार हाच आहे.

थाळ्यांच्या विक्रीत पिठलं 45, वांगी 35 आणि मटण 20 टक्के धरलं तर सरासरी फूड कॉस्ट सुमारे 30 टक्के येते. ती 33 वर गेली तर त्याच आठवड्यात वजनकाटा तपासायचा. बहुतेक वेळा भाव वाढलेला नसतो, चमचा मोठा झालेला असतो.

भाकरी हीच मर्यादा

भाकरीचं पीठ स्वस्त आहे, थापणाऱ्या हातांना मात्र पैसे मोजावे लागतात, आणि ते मोजलेच पाहिजेत. एक मावशी तासाला 30 चांगल्या भाकऱ्या करते असं धरलं आहे. दोघी मिळून 60. रोज सुमारे 180 भाकऱ्या लागतील, म्हणजे तीन तासांचं काम. अडचण एकाच वेळी येणाऱ्या ऑर्डरची आहे, कारण रात्री आठ ते साडेनऊ सगळे एकदम मागवतात. त्यावर उपाय सोलापूरचाच: कडक भाकरी. दुपारी मोकळ्या वेळेत करून ठेवता येते, टिकते, आणि इथल्या माणसाला ती ताज्या भाकरीइतकीच हवी असते. रात्रीच्या प्रत्येक थाळीला एक ताजी, एक कडक.

जागा

तीन ठिकाणं पाहिली. नवी पेठेत भाडं जास्त, गाडी लावायला जागा नाही. सात रस्त्याला सरकारी कार्यालयं जवळ आहेत, पण संध्याकाळनंतर तिथली मागणी ओसरते. निवड जुळे सोलापूरची, आसरा चौकापासून आत, तळमजल्यावर साडेतीनशे चौरस फूट, भाडं 14,000. विजापूर रोड आणि होटगी रोड दोन्हीकडे पटकन जाता येतं. वस्तीत नोकरदार जोडपी आणि खोल्या करून राहणारी मुलं आहेत. रस्त्यावरचं तोंड आम्हाला नको, त्यासाठी जादा भाडं देणं व्यर्थ.

या जागेचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे बोअर आणि मोठी टाकी. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. भांडी, भाज्या आणि स्वच्छता त्यावर सोडता येणार नाही. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी फिल्टरचं. दुसरी अट मोठ्या एक्झॉस्टची. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, अशात तव्यासमोर माणूस उभा राहिला पाहिजे.

महिन्याचा ठरलेला खर्च

भाडं 14,000, दोन भाकरीवाल्या मावश्या 24,000, आचारी 18,000, मदतनीस 9,000, डबे पोचवणारा मुलगा पेट्रोलसह 15,000, वीज-पाणी 6,000, परवाने, फोन, दुरुस्ती 5,000, कर्जाचा हप्ता 9,000, आमच्या दोघींचा पगार 20,000. एकूण 1,20,000. आमचा पगार मुद्दाम धरला आहे, कारण घरच्या बायकांचं काम फुकट धरून दाखवलेला नफा खोटा असतो. सोमवार बंद, म्हणजे 26 दिवस: रोजचे 4,615 रुपये.

रोज किती विकलं की खर्च निघेल

थेट फोन-व्हॉट्सॲपच्या ऑर्डरमध्ये 100 रुपयांतून माल 30, पॅकिंग 8, गॅस 4, नासधूस 3 जाऊन 55 उरतात. डब्यात माल 40 असला तरी पॅकिंग नाही, म्हणून तिथेही साधारण 55 धरले आहेत. ॲपवर किंमत 15 टक्के वाढवली तरी कमिशन, त्यावरचा जीएसटी आणि सवलतीतला वाटा मिळून 30 टक्के जातात, असं धरून हाती 31 उरतात.

विक्रीत डबे 40, थेट 25 आणि ॲप 35 टक्के असेल तर सरासरी 46.6 रुपये उरतात. 4,615 ला त्याने भागलं की रोजची विक्री सुमारे 9,900. म्हणजे 44 डबे, दीडशे-एकशेसाठच्या 16 थेट ऑर्डर आणि दोनशे दहाच्या 17 ॲप ऑर्डर.

हाच खर्च फक्त ॲपवर काढायचा तर रोज 14,900 लागतील. ॲपशिवाय 8,400 पुरतात. म्हणून ॲप नवीन गिऱ्हाईक ओळख करून देण्यापुरतं. प्रत्येक पार्सलमध्ये आमच्या नंबरची चिठ्ठी आणि डब्याचे दर.

वर्षाची विक्री 20 लाखांवर जाईल, त्यामुळे जीएसटी नोंदणी घ्यायची. दर 5 टक्के, इनपुट क्रेडिट नाही. पॅकिंगवरचा कर वरच्या खर्चात धरला आहे. ॲपच्या ऑर्डरवरचा कर 1 जानेवारी 2022 पासून ॲपच भरतं, थेट ऑर्डर आणि डब्यांवरचा आम्ही भरायचा. अन्नसुरक्षेचा परवाना पहिल्या विक्रीआधी.

भांडवल आणि अडचणीचे महिने

शेगड्या, तवे, डीप फ्रिज, एक्झॉस्ट 1,40,000, अनामत 45,000, शंभर डबे 40,000, वायरिंग-नळकाम-परवाने 35,000, पहिला माल 20,000, हातातली रक्कम 1,00,000. एकूण 3,80,000. निम्मे आमचे आणि दादाचे, 1,90,000 कर्ज, वार्षिक 12 टक्के, 24 महिने.

पहिल्या महिन्यात रोजची विक्री 5,000, दुसऱ्यात 7,500, तिसऱ्यात 9,000 धरली आहे. त्या तिमाहीचा तोटा जवळपास एक लाख होतो, हातातली रक्कम त्यासाठीच. उन्हाळ्यात मुलं गावी गेली आणि डबे 25 वर आले तर महिन्याला सुमारे 24,000 कमी पडतील. विक्री 12,000 झाली की महिन्याला 25,000 उरतात. त्यातले पहिले 50,000 एप्रिल-मेसाठी वेगळ्या खात्यात, कोणीही हात लावायचा नाही.

डिसेंबरअखेर 30 डबे कायम झाले नाहीत तर एक मावशी आणि आचारी यांच्या वेळा अर्ध्या करून फक्त दुपारचं किचन चालवायचं, आणि दादाशी बसून पुढचं ठरवायचं. भाडेकरारात त्यासाठी दोन महिन्यांच्या नोटिशीची अट घालून घेतली आहे.