आई-बाबांचं विमान: शनिवार १३ जून, हीथ्रो टर्मिनल ३

ताई, तिकिटं पक्की झाली. भावोजींनाही हाच मेसेज पुढे पाठव, म्हणजे गाडीचं ठरवता येईल.

मुंबई टर्मिनल २ हून EK 509, शनिवारी पहाटे ४:३०. म्हणजे शुक्रवारी रात्रीच घरातून निघायचं. तारखेचा घोळ नको म्हणून सांगतो, तुमच्याकडे शनिवारीच पोहोचतील. दुबईला तिथल्या वेळेने ६:०५, टर्मिनल ३. पुढचं EK 029 तिथूनच ९:४० ला. मध्ये साडेतीन तास आहेत, पण सिक्युरिटी पुन्हा होते आणि गेट लांब असू शकतं, म्हणून वेळ पुरेसा आहे, जास्त नाही. लंडनला दुपारी २:२०, तुमच्या वेळेने. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे ६:५० वाजलेले असतील.

२:२० ही विमान उतरायची वेळ आहे, बाहेर यायची नव्हे. हीथ्रोवर उतरण्याआधी विमानं बऱ्याचदा घिरट्या घालतात. भारतीय पासपोर्टला ई-गेट चालत नाही, त्यामुळे इमिग्रेशनची रांग लागणारच. बाबांसाठी दोन्ही विमानांना व्हीलचेअर सांगितली आहे. रांगेत त्यांना उभं राहावं लागणार नाही, पण कधीकधी विमानाच्या दारातच खुर्चीची वाट बघत बसावं लागतं. साडेतीनच्या आधी ते दिसणार नाहीत असं धरून चाला, चार वाजले तरी काळजी नको. पार्किंगचे पैसे वेळेवर लागतात, तेव्हा EK 029 वर Landed दिसल्यावर आत शिरलात तरी चालेल. गाडी टर्मिनल ३ च्या शॉर्ट स्टे पार्किंगमध्येच लावा. ड्रॉप-ऑफच्या जागी घ्यायला थांबता येत नाही.

मोठ्या बॅगा चार, हातातल्या दोन. मुंबईत टाकलेल्या बॅगा थेट लंडनलाच मिळतील, दुबईत उचलायच्या नाहीत. डिकीत चार बसतात का ते आधी बघून घ्या, नाहीतर मागची एक सीट पाडून ठेवा.

रोमिंग घेतलेलं नाही. बाबांचा फोन वायफायवर व्हॉट्सअ‍ॅपपुरता चालेल. दुबईच्या गेटवर पोहोचल्यावर आई तुला मेसेज करेल. साडेनऊपर्यंत, म्हणजे तुमच्या सकाळच्या साडेसहापर्यंत, आला नाही तर मला फोन कर, मी एअरलाइनशी बोलतो. जोडविमान चुकलंच तर पुढच्या विमानात बसवतात, पण ते गॅटविकचं असू शकतं. म्हणून घरातून निघण्याआधी विमानतळाचं नाव माझ्याकडून पक्कं करून घे.

कस्टम्समधून बाहेर आल्यावर समोरच्या कठड्यापाशीच थांबा असं दोघांना सांगितलंय. तूही तिथेच उभी राहा. तुझा पत्ता आणि नंबर कागदावर लिहून दोघांच्याही पासपोर्टात ठेवतोय. भावोजींचा नंबरही पाठव, तोही त्यात लिहितो.