अंतर्गत समितीचा चौकशी अहवाल: गुणवत्ता विभागातील लैंगिक छळाची तक्रार

(कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंध अधिनियम, 2013, कलम 13 अन्वये नियोक्त्यास सादर. गोपनीय.)

दिनांक : 25 फेब्रुवारी 2025
प्रति : कारखाना व्यवस्थापक, चाकण

कलम 16 नुसार या अहवालात कोणाचेही नाव दिलेले नाही. तक्रारदार या गुणवत्ता विभागात मुदतीच्या करारावर काम करणाऱ्या निरीक्षक आहेत. प्रतिवादी हे त्याच विभागाचे शिफ्ट इन्चार्ज असून तक्रारदारांच्या मासिक मूल्यांकनावर आणि करार नूतनीकरणाच्या शिफारशीवर त्यांची सही लागते. ही शेवटची बाब प्रकरणाच्या मुळाशी आहे.

निष्कर्ष थोडक्यात

तक्रारीत चार आरोप आहेत. रात्री-अपरात्री नकोसे संदेश पाठवल्याचा पहिला आणि 13 नोव्हेंबर 2024 रोजी गेज रूममध्ये हात धरून वाट अडवल्याचा दुसरा आरोप सिद्ध होतो. तिसरा आरोप नकारानंतर त्रास दिल्याचा आहे. त्यातला मूल्यांकनाचा भाग सिद्ध होतो, डिस्पॅच शेडमधील नेमणुकीचा भाग होत नाही. कँटीनमध्ये बदनामी केल्याचा चौथा आरोप सिद्ध होत नाही. समिती बहुमताने प्रतिवादींच्या सेवासमाप्तीची शिफारस करते.

चौकशी कशी झाली

लेखी तक्रार 9 डिसेंबर 2024 रोजी मिळाली. संदेशांपासून मूल्यांकनापर्यंतच्या घटना एकाच मालिकेतल्या आहेत आणि शेवटची 2 डिसेंबरची आहे, त्यामुळे तक्रार तीन महिन्यांच्या मुदतीत आहे. प्रतिवादींना 13 डिसेंबरला प्रत दिली, त्यांचे उत्तर 24 डिसेंबरला आले. समेट हवा का, असे तक्रारदारांना विचारले असता त्यांनी नको म्हटले. त्यांच्या विनंतीवरून 16 डिसेंबरपासून त्यांचे रिपोर्टिंग दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देण्यात आले.

सुनावण्या 3, 10, 17 आणि 31 जानेवारीला झाल्या. प्रत्येक वेळी पीठासीन अधिकारी धरून किमान तीन सदस्य हजर होते. दोन्ही बाजूंना एकमेकांचे जबाब व कागदपत्रे दिली. उलटतपासणीचे प्रश्न लेखी घेऊन ते समितीमार्फत विचारले, म्हणजे दोघांना समोरासमोर बसावे लागले नाही. निष्कर्षांची प्रत 7 फेब्रुवारीला दोघांना देऊन म्हणणे मागवले. त्याचा विचार करून 18 फेब्रुवारीला, म्हणजे 90 दिवसांच्या आत, चौकशी पूर्ण केली.

पुराव्याची कसोटी फौजदारी खटल्यासारखी निःसंशय सिद्धतेची नाही. उपलब्ध पुराव्यावरून काय घडले असण्याची शक्यता अधिक आहे, हे समितीने पाहिले.

आरोप 1 : संदेश

22 ऑगस्ट ते 29 नोव्हेंबर या काळात प्रतिवादींनी तक्रारदारांना पाठवलेले, कामाशी संबंध नसलेले 41 व्हॉट्सअॅप संदेश समितीपुढे आहेत. त्यांपैकी 27 रात्री दहानंतरचे आहेत. समिती स्क्रीनशॉटवर थांबली नाही. 3 जानेवारीला तक्रारदारांच्या फोनवर संपूर्ण संभाषण वर-खाली करून पाहिले. मधले संदेश गाळल्याची खूण नाही. प्रतिवादींच्या बाजूने पुसलेले सहा संदेश तिथे फक्त पुसल्याच्या नोंदीने दिसतात. त्यांत काय होते, याचा अंदाज समितीने बांधलेला नाही.

दोन संदेश जसेच्या तसे द्यावे लागतात. 3 ऑक्टोबर, रात्री 11.52 : «युनिफॉर्म बदलून बसमध्ये चढलीस तेव्हा पाहिलं. वेगळीच दिसतेस.» 17 नोव्हेंबर, रात्री 10.20 : «बोलत नाहीस हल्ली. तुझं रिन्युअल कोणाच्या सहीने होतं माहितीये ना?»

प्रतिवादींनी संदेश नाकारलेले नाहीत. ही थट्टा होती आणि तक्रारदार «ओके सर», «गुड नाइट सर» अशी उत्तरे देत, दोनदा हसरा चेहराही पाठवला, असे त्यांचे म्हणणे आहे. हा मुद्दा समितीने गांभीर्याने तपासला, कारण वागणूक नकोशी होती की नाही यावरच आरोप उभा आहे. उत्तरे क्रमाने वाचली की चित्र स्पष्ट होते. कामाच्या प्रश्नांना तक्रारदार दोन-तीन ओळींत उत्तर देतात. वैयक्तिक संदेशांना एक-दोन शब्दांत, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी सकाळी. 5 ऑक्टोबरला त्यांनी लिहिले आहे : «सर, कामाचं असेल तर ग्रुपवर टाका प्लीज.» ज्याच्या सहीवर नोकरी टिकते त्याला कनिष्ठ कर्मचारी याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच सांगेल. त्यानंतरही 19 संदेश आले. सौजन्याने दिलेले उत्तर म्हणजे संमती नव्हे. आरोप सिद्ध.

आरोप 2 : गेज रूम, 13 नोव्हेंबर

तक्रारदारांचे म्हणणे असे : दुसऱ्या पाळीत थ्रेड प्लग गेज आणायला त्या गेज रूममध्ये गेल्या. प्रतिवादी मागून आले, दार लावले, हात धरला आणि «एवढं काय घाबरतेस» म्हणत दाराआड उभे राहिले. प्रतिवादींचे म्हणणे असे की त्या वेळी ते लाइन 2 च्या बिघाडावर होते. ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये 7.35 ते 8.05 अशी त्यांच्या सहीची नोंद आहे.

गेज रूमच्या आत कॅमेरा नाही, बाहेरच्या पॅसेजमध्ये आहे. फुटेज तीस दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून 10 डिसेंबरलाच सुरक्षा विभागाला ते राखून ठेवण्याचे पत्र दिले होते. फुटेजमध्ये तक्रारदार 7.48 ला आत जातात, प्रतिवादी 7.50 ला जातात, दार लागते. 7.53 ला तक्रारदार रिकाम्या हाताने, भराभर चालत बाहेर येतात. गेज इश्यू रजिस्टरमध्ये त्या संध्याकाळी त्यांच्या नावावर काहीच दिलेले नाही.

पण दाराच्या कार्ड यंत्रात हेच प्रवेश 7.42 आणि 7.44 चे आहेत. या फरकावर बोट ठेवून फुटेज अविश्वसनीय असल्याचे प्रतिवादींनी सांगितले. आक्षेप रास्त होता. समितीने त्याच पाळीतील त्याच दारावरच्या अकरा इतर नोंदी फुटेजशी ताडून पाहिल्या. अकराही ठिकाणी कॅमेऱ्याचे घड्याळ सहा मिनिटे पुढे निघाले. फरक एकसारखा असल्याने दोन्ही नोंदी एकच घटना दाखवतात, आणि प्रतिवादींचे कार्ड 7.44 ला या दारावर लागले हे निश्चित होते.

साक्षीदार 3 (देखभाल तंत्रज्ञ) यांनी सांगितले की बिघाडाची नोंद पाळी संपताना एकदम लिहिली गेली आणि प्रतिवादी «आठच्या सुमाराला» लाइनवर आले. त्यांचे प्रतिवादींशी वैर असल्याचे कोणी सुचवलेलेही नाही. साक्षीदार 5 (हाउसकीपिंग) यांनी तक्रारदारांना स्वच्छतागृहात तोंड धुताना, रडताना पाहिले. काय झाले ते त्यांना तेव्हा सांगितले गेले नाही आणि तेवढेच त्यांनी समितीला सांगितले. 7.53 ला, कार्ड यंत्राच्या हिशोबाने बाहेर पडल्यावर सहा मिनिटांनी, तक्रारदारांच्या फोनवरून बहिणीला कॉल गेला आहे. तो चौदा मिनिटांचा आहे.

तक्रारदारांच्या कथनातही विसंगती आहेत. लेखी तक्रारीत «दहा मिनिटे» आहे, फुटेजनुसार प्रतिवादी आत आल्यापासून तीन. तक्रारीत कमरेला स्पर्श म्हटले आहे, जबाबात पाठीला. भीतीच्या क्षणी वेळ लांब वाटते, हे समितीला पटते. स्पर्शाच्या नेमक्या जागेबाबत मात्र समिती निष्कर्ष देत नाही, कारण त्यासाठी पुरेसा आधार नाही. हात धरणे आणि दार लावून वाट अडवणे ही दोन्ही कथनांत एकसारखी आहेत आणि भोवतालचा पुरावा त्यांच्याशी जुळतो. आपण खोलीत नव्हतोच, ही प्रतिवादींची बाजू टिकत नाही, आणि ती खोटी ठरल्यावर दुसरे कोणतेही स्पष्टीकरण त्यांनी दिलेले नाही. त्या मर्यादेत आरोप सिद्ध.

आरोप 3 : नकारानंतरचा त्रास

18 नोव्हेंबरपासून डिस्पॅच शेडला एकटीला पाठवले, हे तक्रारदारांना शिक्षा वाटली. तसे वाटणे समजण्यासारखे आहे. पण ते वेळापत्रक 1 नोव्हेंबरलाच फलकावर लागले होते आणि त्यात आणखी दोन निरीक्षकांची तशीच पाळी होती. हा भाग सिद्ध होत नाही.

मूल्यांकनाचे तसे नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर सलग पाचपैकी 4 गुण, नोव्हेंबरला 2. ही नोंद प्रतिवादींनी 2 डिसेंबरला केली. त्यांनी दोन कारणे दिली. नोव्हेंबरात तक्रारदार तीनदा उशिरा आल्या, हे हजेरीवरून खरे आहे. ग्राहकाकडून बरची तक्रार आलेला लॉट त्यांनी तपासला होता, हे खरे नाही. त्या लॉटच्या तपासणी अहवालावर दुसऱ्या निरीक्षकाची सही आहे आणि त्या निरीक्षकाला 4 गुण दिले आहेत. तीन उशिरांनी दोन गुण जात नाहीत. ऑक्टोबरात चारदा उशीर करणाऱ्या अन्य कर्मचाऱ्याचा एकही गुण गेलेला नाही. 17 नोव्हेंबरच्या संदेशासोबत हे वाचले की कलम 3(2) मधील नोकरीवर परिणाम करण्याची धमकी आणि तिची अंमलबजावणी दोन्ही दिसतात. अंशतः सिद्ध.

आरोप 4 : बदनामी

तीन साक्षीदारांनी कुजबुज ऐकली, पण ती कोणाकडून सुरू झाली हे एकालाही सांगता आले नाही. सिद्ध होत नाही. सिद्ध न होणे म्हणजे तक्रार खोटी असणे नव्हे. कलम 14 खाली कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही.

शिफारशी

प्रतिवादींची अकरा वर्षांची सेवा निष्कलंक आहे आणि ती समितीने विचारात घेतली. एका सदस्याच्या मते पदावनती व दोन वेतनवाढी रोखणे पुरेसे होते, कारण सुधारण्याची संधी मिळायला हवी. त्यांचे मत स्वतंत्रपणे जोडले आहे. उरलेल्या तिघांचे मत वेगळे आहे. संस्थेने सोपवलेला सहीचा अधिकार प्रतिवादींनी दबावासाठी वापरला आणि चौकशीत रजिस्टरची नोंद पुढे करून समितीची दिशाभूल केली. अशा व्यक्तीच्या हाताखाली, कोणत्याही विभागात, कोणाला काम करायला लावणे संस्थेला समर्थनीय ठरणार नाही. म्हणून :

1. प्रतिवादींची सेवा समाप्त करावी.
2. कलम 15 नुसार 74,580 रुपये भरपाई त्यांच्या देय रकमेतून कापून तक्रारदारांना द्यावी : नऊ दिवसांच्या बिनपगारी रजेचे 7,380, समुपदेशनाच्या सहा सत्रांचे 7,200, मानसिक त्रासापोटी 60,000.
3. नोव्हेंबरचे मूल्यांकन रद्द करून दुसऱ्या अधिकाऱ्याकडून नव्याने करावे, आणि 31 मार्चला संपणाऱ्या कराराचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.
4. गेज रूमच्या दाराला काचेची झडप बसवावी. कॅमेऱ्याचे घड्याळ कार्ड यंत्राशी जुळवून महिन्यातून एकदा तपासावे.
5. तक्रारदारांना पोलिसांत तक्रार करायची असल्यास कलम 19 नुसार मदत करावी. तो निर्णय त्यांचा आहे.

नियोक्त्याने 60 दिवसांत कारवाई करून समितीला कळवावे. या शिफारशींविरुद्ध, किंवा त्या अमलात न आणल्यास, कोणत्याही बाजूला 90 दिवसांत अपील करता येईल. अहवालाची प्रत आजच दोघांना स्वतंत्र बंद पाकिटातून देण्यात आली आहे. फुटेज, कार्ड नोंदी आणि जबाबांची मूळ प्रत पीठासीन अधिकाऱ्यांकडे कुलूपबंद आहे.

सही/-
पीठासीन अधिकारी
सही/-
सदस्य (कर्मचारी प्रतिनिधी)
सही/-
सदस्य (कर्मचारी प्रतिनिधी), शिक्षेबाबत भिन्नमत जोडले आहे
सही/-
बाह्य सदस्य (अशासकीय संस्था)