तेलाचं येणं

संकेश्वरातलं किराणा दुकान. दुकानदार अण्णा घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि गर्दी झाली की दोन्ही एकदमच. गिऱ्हाईक म्हणजे साताऱ्याकडची नवी सून, कन्नड अजून कानावरून नुसतं जातंय. बाजूला बाकावर गडहिंग्लजचे एक काका, दोन्ही भाषांतले आणि दोन्हीकडं नाक खुपसणारे.

अण्णा: बर्री तायी, बर्री.

सून: अहो ताई काय, तुमच्या मुलीएवढी आहे मी.

काका: मग अजूनच अवघड, कन्नडात तायी म्हंजे आई.

सून: बरं असू दे. आमच्या आईंनी एक काय आणायला सांगितलंय.

अण्णा: हां, देतो की.

सून: काय देताय? त्या म्हणाल्या पूजेला एक काय आण, मी तीनदा विचारलं काय आणू, तर प्रत्येक वेळी हो म्हणाल्या!

काका: नारळ ओ! नारळाला काय म्हणत्यात हिकडं. सासूनं बरोबरच सांगितलं की.

अण्णा: (आत बघून, पोराला) हाल बंतेन्लो? ... इल्ला? हाल इल्ला तायी आज.

सून: कुणाचे हाल?

अण्णा: दूध, दूध. गाडी आली न्हाई.

सून: म्हणजे हाल आमचेच, चहाला दूध नाही घरात.

अण्णा: येण्णे येष्टु?

सून: येणं? आमच्याकडं तुमचं येणं आहे?

अण्णा: न्हाई ओ, येण्णे, येण्णे!

सून: तेच विचारतेय, किती आहे सांगा, घरी सांगते.

काका: अगं पोरी, तेल किती पाहिजे विचारतोय त्यो. येण्णे म्हंजे तेल.

सून: अय्यो! दोन किलो द्या.

अण्णा: (वही उघडत) आणि घरचं साल ऐती तुमचं, ऐनूर रूपाय.

सून: घरचं कुठलं साल? मागच्या साली तर माझं लग्नच झालं नव्हतं.

काका: आता हे साल म्हंजे वर्ष न्हवं, उधारी. पाचशे रुपये ऱ्हायलेत तुमच्या घरचे.

सून: म्हणजे येणं आहेच की! मघाशी तेल तेल करून मलाच गप्प केलंत दोघांनी.

अण्णा: (हसत) आहे खरं. पण अवसर इल्ला, सावकाश द्या.

सून: तुम्हाला सवड नसेल तर आत्ताच मिटवू, पैसे आहेत माझ्याकडं.

काका: अवसर म्हंजे घाई गं! घाई न्हाई म्हणतोय त्यो.

अण्णा: काका, गप्प बसा ओ जरा. देतीया तर देऊ दे की तिला.