इंडस्ट्रियल ट्रेनिंग रिपोर्ट : हाऊसकीपिंग डिपार्टमेंट

कोर्स : हॉटेल मॅनेजमेंट, दुसरं वर्ष
ट्रेनिंगचं ठिकाण : कल्याणीनगर भागातलं एक बिझनेस हॉटेल, पुणे (एचआरने सांगितल्यामुळे नाव लिहिलेलं नाही)
काळ : जून आणि जुलै
डिपार्टमेंट : हाऊसकीपिंग – डेस्क, फ्लोअर, पब्लिक एरिया, लिनन रूम, लॉन्ड्री

१. प्रस्तावना

ट्रेनिंगला जाताना सगळ्यांना फ्रंट ऑफिस नाहीतर किचन हवं असतं, हाऊसकीपिंग मिळालं की घरचे पण विचारतात "मग काय, झाडू मारायला पाठवलं का". झाडू आहेच, नाही असं नाही. पण तिथे राहून मला जे दिसलं ते असं की हे डिपार्टमेंट सफाईपेक्षा जास्त हिशोबावर चालतं. कुठली रूम आत्ता कुठल्या अवस्थेत आहे, कुठला टॉवेल कुठे आहे, चावी कोणाकडे आहे, हे ज्याला कळलं त्याला हाऊसकीपिंग कळलं. पूर्ण रिपोर्ट ह्याच नजरेने लिहिलाय.

हॉटेल एअरपोर्टपासून जवळ, त्यामुळे सोमवार ते गुरुवार आयटीवाले आणि मीटिंगला आलेले गेस्ट, एकटे, सकाळी लवकर निघणारे. शुक्रवारपासून चित्र उलटं, लग्नाचे ब्लॉक बुकिंग असले की एका रूममध्ये चारजण, एक्स्ट्रा बेड, मेंदी, हळद, गजऱ्याची फुलं कमोडमध्ये. एकच हॉटेल पण स्टाफला दोन वेगळी हॉटेलं चालवल्यासारखं काम असतं.

२. डिपार्टमेंटची रचना

सगळ्यात वर एक्झिक्युटिव्ह हाऊसकीपर मॅडम, त्यांच्याखाली असिस्टंट, मग फ्लोअर सुपरवायझर, पब्लिक एरिया सुपरवायझर आणि डेस्क. रूम करणारे जीआरए म्हणजे गेस्ट रूम अटेंडंट. लिनन रूम, युनिफॉर्म रूम आणि टेलर एका बाजूला, लॉन्ड्री बेसमेंटला. पब्लिक एरियाचा बराच स्टाफ कॉन्ट्रॅक्टवर, त्यात येरवडा आणि चंदननगरकडच्या मावशी जास्त, फ्लोअरवर ओडिशा आणि नॉर्थ ईस्टची मुलं. बोलणं सगळं हिंदीत, शिव्या मात्र मराठीत.

शिफ्ट तीन. सकाळची सातला सुरू होते, आधी ब्रीफिंग. ग्रूमिंग बघतात, नखं, बूट, नेमप्लेट, मग आज किती चेकआऊट, किती अरायव्हल, व्हीआयपी कोण, आणि कोणाला कुठला सेक्शन. एका जीआरएला साधारण १४ रूम. फ्लोअर मास्टर की रजिस्टरवर सही करून घ्यायची आणि शिफ्ट संपली की सही करूनच द्यायची, खिशात घेऊन कॅन्टीनला गेलं तरी बोलणी बसतात.

३. डेस्क : सगळं इथून फिरतं

कॉलेजमध्ये कंट्रोल डेस्क एका पानात संपतं. प्रत्यक्षात फोन कधी थांबतच नाही. ३०४ ला टूथब्रश, ४११ चा एसी गळतोय, फ्रंट ऑफिसला ५०२ आत्ता हवी आहे, आणि जीआरए म्हणतोय गेस्ट अजून आतच आहे. प्रत्येक कॉलची वेळ, रूम नंबर, कोणाला सांगितलं, काम झालं कधी, हे सगळं लॉगबुकमध्ये जातं. तक्रार आली की हेच लॉगबुक उघडतात, त्यामुळे "सांगितलं होतं" ह्याला इथे काही किंमत नाही.

रूम स्टेटस हा खरा विषय. व्हेकंट डर्टी, व्हेकंट क्लीन, ऑक्युपाइड, डीएनडी, ड्यू आऊट, आऊट ऑफ ऑर्डर ही नावं पाठ होतातच, पण त्याच्यामागे पैसा कसा आहे ते डेस्कवर बसल्याशिवाय कळत नाही. सकाळी आणि संध्याकाळी फ्लोअरवरून ऑक्युपन्सी रिपोर्ट येतो तो फ्रंट ऑफिसच्या सिस्टिमशी जुळवतात. सिस्टिममध्ये रूम ऑक्युपाइड आणि प्रत्यक्षात रिकामी असेल तर दोन शक्यता, एक म्हणजे गेस्ट बिल भरून गेला पण फ्रंट ऑफिसने स्टेटस बदललाच नाही, ह्याला स्लीपर म्हणतात, म्हणजे विकता येणारी रूम फुकट अडकून पडली. दुसरी म्हणजे स्किपर, गेस्ट बिल न भरता बॅग घेऊन पसार. म्हणून बॅग किती मोठी आहे हेसुद्धा रिपोर्टमध्ये लिहितात, लाइट लगेज असं. मला आधी हा भोचकपणा वाटला होता.

चेकआऊट १२ ला, चेकइन २ ला. मधले दोन तास म्हणजे डेस्कवर नुसता आरडाओरडा, कारण रूम साफ झाली तरी सुपरवायझर चेक करून रिलीज करेपर्यंत ती विकता येत नाही.

४. फ्लोअर

चेकआऊट रूमला साधारण अर्धा तास, ऑक्युपाइड रूमला त्याहून कमी. क्रम ठरलेला : तीनदा नॉक, "हाऊसकीपिंग" म्हणायचं, थांबायचं, ट्रॉली दारात आडवी लावायची, पडदे उघडायचे, दिवे आणि एसी चालू आहे का बघायचं, कचरा आणि वापरलेलं लिनन बाहेर, मग बेड, मग बाथरूम, मग डस्टिंग, शेवटी व्हॅक्यूम. डस्टिंग दारापासून सुरू करून गोल फिरत परत दारापर्यंत, म्हणजे काही सुटत नाही. बेडवर चादरीचे कोपरे ४५ अंशात दुमडतात, उशीच्या कव्हरची उघडी बाजू दारापासून लांब. ऐकायला फालतू वाटतं पण दार उघडल्यावर गेस्टची पहिली नजर तिथेच जाते, आणि सुपरवायझरची तर नक्कीच.

केमिकलच्या बाटल्यांवर आर-१, आर-२ असे नंबर असतात. आर-१ बाथरूमला, आर-२ सगळीकडच्या पृष्ठभागांना, आर-३ काचेला, आर-४ फर्निचर पॉलिश, आर-५ एअर फ्रेशनर, आर-६ कमोडला. नंबर पाठ करण्यापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. आर-६ ॲसिडवालं असतं, ते मार्बलवर सांडलं तर मार्बल खातं, डाग पुसून जात नाही कारण तो डाग नसतोच, दगडच झिजलेला असतो. आणि ॲसिडवालं क्लीनर ब्लीचबरोबर कधीही मिसळायचं नाही, क्लोरीन गॅस होतो, बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं. डस्टरला रंग ठरलेले, आमच्याकडे लाल फक्त कमोडला. गेस्टच्या वापरलेल्या टॉवेलने फरशी पुसायची नाही हा नियम आहे, आणि घाईत सगळ्यात जास्त हाच मोडतात, हेही लिहितो.

पुण्याच्या ह्या भागात टँकरचं पाणी आलं की शॉवर आणि नळांवर पांढरे क्षार साचतात. रोज कोरडं पुसलं तर चमक टिकते, दोन-चार दिवस सोडलं तर घासून घासून हात जातात. इथले जुने दादा शॉवर हेड काढून डिस्केलरमध्ये भिजत ठेवतात आणि तोपर्यंत बेड करून घेतात.

डीएनडी लावलेल्या रूमला हात लावत नाहीत, पण दुपारनंतरही बोर्ड तसाच असेल तर डेस्कवरून फोन जातो, उत्तर नसेल तर ड्युटी मॅनेजर आणि सिक्युरिटी बरोबर घेऊनच दार उघडतात.

५. लिनन रूम आणि लॉन्ड्री

मला सगळ्यात आवडलेला भाग, आणि कॉलेजमधल्या मित्रांना सगळ्यात कंटाळवाणा वाटलेला. पार स्टॉक म्हणजे एक सेट रूममध्ये, एक लॉन्ड्रीत, एक शेल्फवर, असं किमान तीन पार. फ्लोअरवरून जेवढं घाणेरडं लिनन खाली येतं तेवढंच स्वच्छ वर जातं, एकाला एक. मोजणारे काका वीसेक वर्षं हेच करतायत, चादर हातात घेताच सिंगल की डबल ते सांगतात.

आता हळद. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पिवळे टॉवेल आणि चादरी पोतंभर येतात. नेहमीच्या डिटर्जंटमध्ये टाकलं की डाग लालसर होतो, कारण डिटर्जंट अल्कलाइन आणि हळद अल्कलीत लाल पडते. नवीन मुलं घाबरून अजून पावडर टाकतात, मग अजून लाल. इथे असे कपडे आधी वेगळे काढतात, नीट खळबळतात, ऑक्सिजन ब्लीचमध्ये भिजवतात आणि मग टेरेसवर कडक उन्हात घालतात, उन्हाने हळदीचा रंग खरंच उडतो. जून-जुलैत ऊन कुठलं, त्यामुळे तो ढीग तसाच पडून राहिला. रक्ताचा डाग मात्र गार पाण्यातच, गरम पाणी लागलं की पक्का बसतो.

मशीनची साखळी अशी : वॉशर, पाणी पिळून काढणारं हायड्रो, मग टॉवेल टम्बल ड्रायरला आणि चादरी कॅलेंडरला, म्हणजे इस्त्री करणाऱ्या रोलर मशीनला. शेवटच्या रिन्सला सावर नावाचं हलकं ॲसिड टाकतात, राहिलेली अल्कली मारायला, नाहीतर चादर पिवळी पडते आणि अंगाला खाजते. फाटलेलं लिनन कंडेम करतात, त्याची नोंद होते, मग टेलर त्याचे डस्टर शिवतो. काही फुकट जात नाही.

६. पब्लिक एरिया आणि लॉस्ट अँड फाउंड

पब्लिक एरिया पावसाळ्यात म्हणजे लॉबी. छत्र्यांना प्लास्टिक कव्हर, दारात जाड मॅट, "वेट फ्लोअर"चा पिवळा बोर्ड, आणि एक मावशी मॉप घेऊन सतत. गेस्ट वाट बघत नाही, तो पुसलेल्या जागेवरूनच जातो.

लॉस्ट अँड फाउंडला वस्तू सापडली की त्याच मिनिटाला डेस्कला फोन, रूम नंबर, वेळ, कोणाला सापडली, स्लिप आणि टॅग. पैसे-दागिने सुपरवायझरसमोर मोजून सेफमध्ये, खाण्याच्या वस्तू जास्त दिवस ठेवत नाहीत. गेस्टला आपणहून फोन करत नाहीत, तो घरी कोणाला कळू न देता राहिला असेल तर पंचाईत, हे मॅडमनी समजावलं तेव्हा लगेच पटलं. चार्जर सगळ्यात जास्त सापडतात.

७. निरीक्षणं आणि सूचना

पहिली, लग्नाच्या वीकेंडला लिनन कमी पडतं आणि मग ओले-गरम टॉवेल थेट रूममध्ये जातात. सेल्सकडे लग्नाची यादी महिनाभर आधी असते, तीच यादी लिनन रूमला दिली तर टॉवेल भाड्याने तरी आणता येतील. शिवाय हळद-मेकअपसाठी गडद रंगाचे टॉवेल वेगळे दिले तर पांढरे वाचतील.

दुसरी, केमिकलच्या बाटल्यांवरच्या सूचना फक्त इंग्रजीत आहेत आणि वापरणाऱ्या मावशींना नंबर आणि रंगच कळतो. नंबर खोडला गेला की अंदाजपंचे. हिंदी-मराठीत, चित्रासकट लेबल हवं, खर्च काही नाही.

तिसरी, रिलीज करायला फ्लोअरवर एकच सुपरवायझर असतो, १२ ते २ मध्ये असिस्टंटने एक फ्लोअर घेतला तर रांग कमी होईल. मॅडमना ही सूचना सांगितली तर हसल्या, म्हणाल्या, "लिही रिपोर्टात, जीएमपर्यंत जाऊ दे." पहिल्या दोन त्यांनी स्वतःच्या डायरीत उतरवून घेतल्या, आणि लेबलचं काम माझ्या शेवटच्या आठवड्यात दोन पँट्रीत सुरूही झालं.