अंदाजपत्रकाचे स्पष्टीकरण: केळापूर व झरी जामणी तालुक्यांतील पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडचा हंगामी अभ्यास

कालावधी: एप्रिल 2026 ते मार्च 2029
एकूण मागणी: ₹ 28,90,380

या प्रकल्पात 60 जलस्रोतांचे (40 हातपंप व बोअर, 20 विहिरी) पाणी दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये तपासायचे आहे. तीन वर्षांत सहा फेऱ्या, 360 नमुने आणि पडताळणीचे 36 दुहेरी नमुने. तेच साठ स्रोत, तीच पद्धत आणि शक्यतो तोच माणूस, यावर सगळी भिस्त आहे. त्यामुळे रकमेचा मोठा वाटा मनुष्यबळाकडे गेला आहे. यंत्रांवरचा खर्च मुद्दाम आटोक्यात ठेवला आहे.

1. मनुष्यबळ: ₹ 15,85,800

कनिष्ठ संशोधक (एक पद, नेट उत्तीर्ण): केंद्र सरकारच्या 1 जानेवारी 2023 पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ₹ 37,000 आणि 10 टक्के घरभाडे भत्ता, म्हणजे ₹ 40,700. 24 महिन्यांचे ₹ 9,76,800. कामाचा आढावा समाधानकारक ठरल्यास तिसऱ्या वर्षी वरिष्ठ संशोधक म्हणून दरमहा ₹ 42,000 आणि भत्ता, 12 महिन्यांचे ₹ 5,54,400.

एकच पद का, हा प्रश्न समितीला पडेल. नमुने घेणारा आणि मोजणारा वेगळा असला की वहीतली नोंद आणि बाटलीवरची चिठ्ठी यांत गफलत होते. प्राथमिक पाहणीत आम्ही हे केले आणि तीन बाटल्या कोणत्या पोडावरच्या, म्हणजे कोणत्या कोलाम वस्तीवरच्या, हे शेवटपर्यंत ठरले नाही. त्या तीनही नोंदी रद्द कराव्या लागल्या. शिवाय फेऱ्यांच्या मधल्या महिन्यांत त्याच माणसाला मागच्या मोजण्यांचे विश्लेषण आणि पडताळणी करायची आहे, म्हणून पद पूर्णवेळ आहे.

स्थानिक सहायक: वर्षाला 26 दिवस, तीन वर्षांत 78 दिवस, दररोज ₹ 700 प्रमाणे ₹ 54,600. ही व्यक्ती कोलामी बोलणारी असेल. यात तडजोड नको, अशी विनंती आहे. पोडावरची वयस्कर माणसे मराठी समजतात, पण 'उन्हाळ्यात कोणत्या हातपंपाचं पाणी पिता आणि कोणत्याचं फक्त वापरता' असे मराठीत विचारले की उत्तर एका शब्दात येते. तेच कोलामीत विचारले की तो पंप कोणत्या साली मारला, कधी आटला, बाया कुठल्या विहिरीवर जातात, सगळे बाहेर येते. आमच्या स्रोतांच्या यादीतले निम्मे स्रोत अशाच गप्पांतून कळले आहेत.

प्रमुख संशोधक व सहसंशोधक महाविद्यालयाच्या पगारावर आहेत. त्यांच्यासाठी मानधन मागितलेले नाही.

2. उपकरणे: ₹ 4,09,000 (जीएसटीसह, सर्व पहिल्या वर्षी)

आयन मीटर व फ्लोराइड इलेक्ट्रोड ₹ 2,10,000. जादा इलेक्ट्रोड ₹ 62,000. पीएच, विद्युतवाहकता व तापमान मोजणारे हाती मीटर ₹ 85,000. विहिरीतील पाण्याची पातळी मोजणारी 100 मीटरची फीत ₹ 38,000. चुंबकीय ढवळणी ₹ 14,000.

रंग बघून सांगणारे तपासणी संच काही हजारांत मिळतात, मग आयन मीटर कशाला? भारतीय मानक आय.एस. 10500 नुसार फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 1.0 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत सूट आहे. आम्हाला ज्या स्रोतांचा निवाडा करायचा आहे ते नेमके या दोन आकड्यांच्या आसपास घुटमळतात. मे महिन्यात 1.6 आणि नोव्हेंबरात 1.2 असा फरक रंगाच्या छटेवरून डोळ्याला धरता येत नाही.

जादा इलेक्ट्रोड ही चैन नाही. इलेक्ट्रोडच्या टोकाला लॅन्थेनम फ्लोराइडचा स्फटिक असतो. त्यावर ओरखडा पडला किंवा थर बसला की इलेक्ट्रोड सुस्तावतो. दर सकाळी प्रमाणित द्रावणांवर त्याचा उतार तपासायचा. सांद्रता दहापट झाल्यावर मिलिव्होल्टमधला फरक 54 ते 60 यांच्या बाहेर गेला तर त्या दिवशीचे मोजमाप थांबवायचे, हा आमचा नियम आहे. पाहणीसाठी उसना आणलेला इलेक्ट्रोड दुसऱ्याच आठवड्यात 51 वर आला. बदली नव्हती, म्हणून उरलेल्या बाटल्या तशाच कपाटात राहिल्या.

मोजणी जागेवर न करता प्रयोगशाळेतच होईल. मेच्या दुपारी निंबाखाली बसून मोजले तेव्हा आकडा स्थिर होईना, कारण पाणी गरम आणि प्रमाणित द्रावण डब्यातले थंड होते. आता दोन्ही एका तापमानाला आल्यावरच मोजणार. म्हणून जनरेटर किंवा फिरती प्रयोगशाळा मागितलेली नाही. जीपीएस यंत्रही नाही, मोबाइलचे स्थान आम्हाला पुरते.

खरेदी महाविद्यालयाच्या खरेदी समितीमार्फत जेम पोर्टलवरून होईल.

3. प्रवास: ₹ 3,85,000

एका दिवसात सहा स्रोत होतात, म्हणजे एका फेरीला दहा दिवस. वर्षाच्या दोन फेऱ्यांचे 20 दिवस आणि जानेवारीत निकाल सांगण्यासाठीच्या गावबैठकांचे सहा दिवस. तीन वर्षांचे 78 दिवस, भाड्याची जीप चालक व डिझेलसह रोज ₹ 3,500, एकूण ₹ 2,73,000. यवतमाळहून पांढरकवड्यापर्यंत एस.टी. जाते, पण तिथून पुढे नमुन्यांची पेटी घेऊन पोडापोडावर एस.टी.ने फिरणे शक्य नाही. संशोधक व सहायक यांचा दैनिक भत्ता प्रत्येकी ₹ 500 प्रमाणे ₹ 78,000. पडताळणीचे नमुने नागपूरला पोहोचवण्याच्या सहा खेपा एस.टी.नेच, ₹ 9,000. तिसऱ्या वर्षी संशोधकाला देशांतर्गत एका परिषदेसाठी ₹ 25,000. परदेश प्रवास नाही.

4. उपभोग्य साहित्य, बाहेरील तपासणी व इतर: ₹ 2,85,000

रसायने, प्रमाणित द्रावणे, हातमोजे, ऊर्ध्वपातित पाणी आणि 500 प्लास्टिक बाटल्या मिळून ₹ 1,05,000. फ्लोराइडसाठी काचेची बाटली चालत नाही, तो काचेशी अभिक्रिया करतो. 36 दुहेरी नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत, प्रत्येकी ₹ 2,500 प्रमाणे ₹ 90,000. साठही स्रोतांवर निकालाची पाटी रंगवायला प्रत्येकी ₹ 500, एकूण ₹ 30,000. आकस्मिक खर्च ₹ 60,000.

5. संस्थेचा वरखर्च: ₹ 2,25,580

उपकरणे वगळून उरलेल्या ₹ 22,55,800 वर 10 टक्के. उपकरणांच्या रकमेवर वरखर्च लावलेला नाही. यातून प्रयोगशाळेची वीज, जागा, लेखा विभागाचे काम, वार्षिक लेखापरीक्षण आणि उपयोगिता प्रमाणपत्र भागेल. मीटरची देखभालही यातच, त्यासाठी वेगळा करार मागितलेला नाही.

पहिल्या हप्त्याबद्दल एक विनंती. रक्कम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हाती आली तर खरेदी आणि नेमणूक मेपर्यंत होते. जूनमध्ये आली तर पहिल्या वर्षीची उन्हाळी फेरी बुडते आणि सहाऐवजी पाचच फेऱ्या उरतात. तसे झाल्यास प्रकल्प मे 2029 पर्यंत, जादा रक्कम न मागता, वाढवून मिळावा.