सुधारित ऑफरबाबत विनंती: वरिष्ठ गुणवत्ता अभियंता, चाकण प्लांट

नाशिक
12 ऑगस्ट 2025

प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
चाकण प्लांट, जि. पुणे

विषय: 8 ऑगस्टच्या ऑफर लेटरमधील वेतनाचा फेरविचार होण्याबाबत

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. ऑफर लेटर आणि सोबतचा सॅलरी ब्रेकअप मिळाला, त्याबद्दल आपले आणि प्लांट हेड साहेबांचे मनापासून आभार. मला ही नोकरी हवी आहे आणि मी इतर कुठल्या ऑफरवर बोलणी करत नाही. तरीही सही करण्यापूर्वी वेतनाबाबत मोकळेपणाने लिहिणे मला गरजेचे वाटते.

आपण देऊ केलेला सीटीसी 12,00,000 रुपये आहे आणि माझा सध्याचा 9,60,000. कागदावर ही 25 टक्के वाढ आहे. पण महिन्याच्या शेवटी बँकेत जमा होणारी रक्कम दोन्हीकडे काढून पाहिली, तर चित्र वेगळे दिसते.

सध्या माझ्या सीटीसीत कंपनीचा पीएफ (महिना 1,800) सोडला तर बाकी सगळा पगारच आहे. ग्रॅच्युइटी आणि आरोग्य विमा कंपनी वेगळा देते, व्हेरिएबल नाही. ग्रॉस 78,200. त्यातून माझा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 वजा जाऊन हातात 76,200 येतात.

आपल्या ब्रेकअपनुसार:

सीटीसी 12,00,000
वजा व्हेरिएबल 1,20,000
वजा कंपनीचा पीएफ (45,000 बेसिकवर 12 टक्के) 64,800
वजा ग्रॅच्युइटी (4.81 टक्के) 25,974
वजा विम्याचा हप्ता 17,226
वर्षाचा ग्रॉस 9,72,000, म्हणजे महिना 81,000
वजा माझा पीएफ 5,400 आणि व्यवसाय कर 200
हातात 75,400

म्हणजे आजच्यापेक्षा 800 रुपये कमी. (व्यवसाय कर फेब्रुवारीत 300 असतो, तो फरक धरलेला नाही. नव्या करप्रणालीत दोन्हीकडे आयकर शून्य येतो.)

पीएफमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून दरमहा 7,200 जास्त जमा होतील आणि तो माझाच पैसा आहे, हे मी मान्य करतो. व्हेरिएबलही मिळेल, पण वार्षिक मूल्यमापनानंतर, आणि पूर्ण मिळेलच असे ऑफर लेटरमध्ये म्हटलेले नाही. ग्रॅच्युइटी तर पाच वर्षे पूर्ण झाल्याशिवाय लागू होत नाही. घरभाडे आणि किराणा मात्र त्याच महिन्याच्या पगारातून द्यावा लागतो.

नाशिकला मी आईवडिलांच्या घरात राहतो आणि कंपनीची बस दारात येते. चाकणसाठी मोशीत घर पाहिले आहे. दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर, भाडे मेंटेनन्ससह 18,000. प्लांटच्या बसचा मार्ग तिथून जात नाही, त्यामुळे दुचाकीच्या पेट्रोलचे महिन्याला सुमारे 1,400 रुपये होतील. हे 19,400 आजच्या 76,200 मध्ये मिळवले, तर आहे त्याच राहणीमानासाठी मला हातात 95,600 लागतात. डिपॉझिट, सामान हलवण्याचा खर्च आणि नाशिकच्या फेऱ्या यात धरलेल्या नाहीत.

यावरून माझी विनंती अशी आहे: फिक्स्ड 10,80,000 ऐवजी 12,60,000 करावे, व्हेरिएबल 1,20,000 ऐवजी 72,000 करावे आणि पीएफ 15,000 च्या वैधानिक मर्यादेवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी 1,800 ठेवावा. सध्याच्या कंपनीतही तो याच मर्यादेवर कापला जातो. बेसिक 45,000 च राहू द्यावे, वाढ स्पेशल अलाउन्समध्ये द्यावी. एकूण सीटीसी 13,32,000 होईल, म्हणजे कंपनीवर वर्षाला 1,32,000 चा वाढीव भार. माझा ग्रॉस महिना 99,600 आणि हातात 97,600 येतील. वर सांगितलेल्या गरजेपेक्षा हे 2,000 रुपयेच जास्त आहेत.

व्हेरिएबल कमी का मागतो, याचे कारण आयकरात आहे. यंदाच्या दरांनुसार 75,000 ची प्रमाणित वजावट धरून 12,75,000 पर्यंतच्या पगारावर कर नाही. माझ्या मागणीत पूर्ण वर्षाचा ग्रॉस 11,95,200 आणि व्हेरिएबल 72,000, असे मिळून 12,67,200 होतात. बचत खात्याचे थोडे व्याज धरले तरी मी मर्यादेत राहतो. याउलट फिक्स्ड 12,60,000 आणि व्हेरिएबल 1,20,000 च ठेवले, तर पगार 13,15,200 होतो. मर्यादेच्या वरचे सगळे 40,200 मार्जिनल रिलीफनंतरही करातच जातात, आणि सेससह कर 41,808 येतो. कंपनी 48,000 जास्त खर्च करील आणि माझ्याकडे त्यातले 6,192 पोहोचतील. असा आकडा मागण्यात मला अर्थ दिसत नाही. म्हणून आपल्या प्रत्येक वाढीव रुपयाचा उपयोग व्हावा, अशीच रचना मी सुचवली आहे.

पूर्ण बेसिकवर पीएफ हे आपले सर्वांसाठीचे धोरण असेल आणि त्यात बदल शक्य नसेल, तर मी त्याला तयार आहे. तेव्हा हातात 90,400 येतील. ते गरजेपेक्षा कमी आहे, पण उरलेले पीएफमध्ये साठते, म्हणून मी चालवून घेईन. फिक्स्ड 12,60,000 च्या खाली मात्र मला पुण्याला येणे परवडणार नाही.

भाडे आणि पेट्रोल हा माझा प्रश्न झाला, कंपनीने त्यासाठीच पैसे द्यावेत असे मी म्हणत नाही. दुसऱ्या फेरीत प्लांट हेड साहेबांनी लीक टेस्टला बाद झालेले अ‍ॅल्युमिनियमचे हाउसिंग कापून दाखवले होते, आतली छिद्रे उघड्या डोळ्यांना दिसत होती. तोच दोष मी सध्याच्या कंपनीत पंप हाउसिंगवर हाताळला आहे. आमच्याकडे साच्यात भरलेला धातू दाबून घट्ट करणारे इंटेन्सिफिकेशन प्रेशर उशिरा लागत होते आणि डायमधली हवा बाहेर सोडणारे व्हेंट शिफ्ट संपेपर्यंत बुजत होते. प्रेशरची वेळ दुरुस्त केली, दर शिफ्टला व्हेंट साफ करायचे ठरवले आणि ऑपरेटरसोबत मशिनपाशी उभे राहून ते अंगवळणी पाडले. वर्षभरात लीक टेस्टचे रिजेक्शन 3.8 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले. आपल्या लाइनवर कारण वेगळे निघू शकते, पण ते शोधायची पद्धत मला ठाऊक आहे आणि त्या कामासाठीच मला यायचे आहे.

माझा नोटीस पीरियड 60 दिवसांचा आहे. सुधारित पत्र 14 ऑगस्टपर्यंत मिळाले, तर त्याच दिवशी राजीनामा देऊन 14 ऑक्टोबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आधीच, रुजू होईन. आकड्यांत काही शंका असल्यास आपल्या वेतन विभागाशी फोनवर बसून पडताळून घ्यायला मी केव्हाही तयार आहे. गेल्या तीन महिन्यांच्या पगारपत्रकाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला विश्वासू,
संदीप जाधव

सोबत: पगारपत्रके (मे, जून, जुलै 2025)