मानवी हक्क कायदा: समस्याप्रश्न ३ (कोठडीतील मृत्यू)

एकूण गुण ५०, वेळ ७५ मिनिटे

सूचना: खालील प्रसंग, त्यातील माणसे व कागदपत्रे काल्पनिक आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (यापुढे 'संहिता') लागू आहे असे धरा. मूळ कायद्यांच्या प्रती सोबत ठेवता येतील, टिपणे किंवा गाइड नाही. 'डी. के. बसू' निकालातील अकरा सूचना ओळीने उतरवून काढल्यास गुण मिळणार नाहीत. कोणती सूचना कोणत्या वेळी, कोणत्या कागदामुळे मोडली हे दाखवले तरच मिळतील. प्रसंगात जे दिलेले नाही ते मनाने घालू नका. एखादी गोष्ट ठरवायला पुरावा अपुरा वाटला तर तसे लिहा आणि कोणता कागद मागवाल ते सांगा.

प्रसंग

मारुती शिंगाडे, वय ३६, तुर्भ्याच्या घाऊक बाजारात कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलणारा हमाल. मूळ गाव बीड जिल्ह्यात. घणसोली गावात भाड्याची खोली, पत्नी सुनंदा, ११ आणि ७ वर्षांच्या दोन मुली. माथाडी मंडळाकडे त्याची नोंदणी नव्हती, मजुरी रोजची रोख मिळायची. सुनंदाच्या म्हणण्यानुसार महिन्याला १८,००० रुपये घरात येत. त्याचा एकही कागद नाही.

११ फेब्रुवारी २०२५ रोजी बाजारातील एका गाळ्यातून २,४०,००० रुपये चोरीला गेल्याची फिर्याद नवी मुंबईतील एका पोलीस ठाण्यात नोंदवली गेली. गुन्हा ७ वर्षांपर्यंत शिक्षेचा. फिर्यादीत संशयित म्हणून कोणाचेही नाव नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार, रात्री सव्वानऊ. बाजाराच्या गेटबाहेरील चहाच्या टपरीवरून साध्या कपड्यांतील तिघांनी मारुतीला आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या रफिकला खासगी गाडीत बसवले. तिघांच्याही छातीवर नावाची पट्टी नव्हती. चहावाल्याने विचारले तेव्हा 'साहेबांनी बोलावलंय, तासाभरात सोडतो' एवढेच उत्तर मिळाले. पावणेअकराला सुनंदा ठाण्यात पोहोचली. ठाणे अंमलदार म्हणाले, 'बाई, इथं कोणाला आणलेलं नाही, घरी जा.' ती बाहेर पायरीवर बसून राहिली. सकाळी आठच्या सुमारास डीबी पथकाच्या खोलीचे दार उघडे असताना तिला मारुती दिसला. प्रतिज्ञापत्रात ती सांगते की तो भिंतीला धरून, टाचा न टेकता चालत होता. दुपारी रफिकला सोडण्यात आले. तो त्याच संध्याकाळी गावी निघून गेला.

ठाणे दैनंदिनीतील नोंदी अशा:

'दि. १३/०२/२०२५, १६.१० वा. गुन्ह्यातील संशयित इसम नामे मारुती शिंगाडे हा स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर झाल्याने त्याचेकडे विचारपूस करता त्याने गुन्ह्याची कबुली दिल्याने त्यास अटक करण्यात आली. अटकेची कारणे तोंडी समजावून सांगितली. नातेवाइकांना फोनवरून कळविले.'

'दि. १५/०२/२०२५, ०३.२० वा. आरोपी लॉकअपमध्ये अस्वस्थ दिसून आला, झटके येत होते. तत्काळ रुग्णालयात रवाना.'

अटक पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून त्याच गाळ्याच्या रखवालदाराची सही आहे. सुनंदाच्या मोबाइलच्या कॉल तपशिलात १३ तारखेला ठाण्यातून आलेला एकही फोन नाही. १३ तारखेला सायंकाळी साडेसहाला झालेल्या वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर 'ताज्या बाह्य जखमा नाहीत, प्रकृती ठीक' असे आहे. मजकूर पोलीस अंमलदाराच्या अक्षरात, खाली सही डॉक्टरांची.

१४ फेब्रुवारी, सकाळी ११.५०. मारुतीला बेलापूर येथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले. वकील नव्हता, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील देऊ केल्याची नोंद नाही. रोजनाम्यात 'आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही' असे वाक्य आहे आणि १७ तारखेपर्यंत पोलीस कोठडी दिलेली आहे.

१५ तारखेला पहाटे ४.३० वाजता महापालिकेच्या रुग्णालयात 'मृतावस्थेत आणले' अशी नोंद झाली. सुनंदाला निरोप गेला सकाळी ११ वाजता. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, मरणोत्तर पंचनामा नायब तहसीलदारांनी कार्यकारी दंडाधिकारी म्हणून केला. शवविच्छेदन दुपारी २ वाजता झाले. त्याचे चित्रीकरण आहे, पण ते ६ मिनिटांवर थांबते. मृत्यूची माहिती राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला १७ फेब्रुवारीला सायंकाळी ५ वाजता पाठवली गेली.

शवविच्छेदन अहवालात १४ जखमा आहेत. दोन्ही तळपाय, नितंब आणि मांड्यांच्या मागील बाजूस जांभळे वण, काही ठिकाणी दोन समांतर रेषांसारखे. उजव्या कानामागे सूज. मेंदूभोवती रक्तस्राव. यकृत मोठे, जुना आजार दर्शवणारे. वणांचे वय 'साधारण २ ते ४ दिवस'. मृत्यूचे कारण: 'डोक्याच्या इजेमुळे रक्तस्राव, यकृताचा आजार सहकारक. अंतिम मत व्हिसेरा अहवालानंतर.'

२० फेब्रुवारीला सुनंदाच्या वकिलांनी १२ ते १५ तारखेचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज दिला. अर्जाची पोच त्यांच्याकडे आहे. २४ मार्चला उत्तर आले: 'यंत्रणेत ३० दिवसांचीच साठवण असल्याने चित्रण आपोआप पुसले गेले आहे. डीबी पथकाच्या खोलीत कॅमेरा नाही.'

सुनंदाने मुंबई उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली याचिका केली. मागण्या तीन: स्वतंत्र तपास, दोषींवर खटला आणि ५० लाख रुपये भरपाई. राज्य शासनाच्या शपथपत्राचा आशय असा. मारुती दारूच्या आहारी गेलेला होता, दारू तुटल्याने झटके येऊन तो लॉकअपच्या न्हाणीघरात पडला. तळपायांवरचे वण अटकेच्या आधीचे आहेत, बाजारातील लोकांनी चोर समजून त्याला मारले असावे. दोन हवालदार निलंबित असून विभागीय चौकशी सुरू आहे. दंडाधिकारी चौकशीचा अहवाल यायचा असल्याने याचिका मुदतपूर्व आहे. गुन्ह्याचा तपास हे राज्याचे सार्वभौम काम आहे, त्यातील कथित कसुरीबद्दल फार तर संबंधित अंमलदारांवर दिवाणी दावा चालेल. सहानुभूती म्हणून शासन १ लाख रुपये देण्यास तयार आहे, मात्र 'यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही' असे हमीपत्र सुनंदाने द्यावे.

२ मार्च २०२६ रोजी रफिक परत आला. १२ तारखेच्या रात्री आपल्याला आणि मारुतीला डीबीच्या खोलीत पट्ट्याने मारले, अशी तक्रार त्याने महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे केली. उशीर का, या प्रश्नावर त्याचे उत्तर 'भीती' एवढेच आहे.

प्रश्न

१. मारुतीची अटक नेमकी केव्हा झाली? पोलिसांच्या नोंदीप्रमाणे मोजले तर दंडाधिकाऱ्यांपुढे नेईपर्यंत १९ तास ४० मिनिटे होतात, टपरीवरून मोजले तर ३८ तास ३५ मिनिटे. अनुच्छेद २२(२) व संहितेचे कलम ५८ यांच्या आधारे कोणता आकडा धराल? 'चौकशीसाठी बोलावले' आणि 'अटक केली' यांत कायदा कशावरून फरक करतो? अनुच्छेदातील प्रवासाच्या वेळेची वजावट इथे उपयोगी पडते का, तेही एका वाक्यात सांगा. (१०)

२. (अ) शिक्षा ७ वर्षांपर्यंतची आणि फिर्यादीत नाव नाही, अशा स्थितीत कलम ३५ खाली नोटीस न देता थेट अटक करणे समर्थनीय होते का? 'जोगिंदर कुमार' (१९९४) आणि 'अर्नेश कुमार' (२०१४) यांचा उपयोग करा. (आ) अटक पंचनाम्यावरील साक्षीदार, तोंडी सांगितलेली कारणे, न आलेला फोन आणि वैद्यकीय फॉर्म या चारही बाबी संहितेची कलमे ३६, ४७, ४८ व ५३ यांच्या कसोटीवर तपासा. यांपैकी सर्वांत गंभीर चूक कोणती, हे ठरवा आणि कारण द्या. चारही सारख्याच गंभीर आहेत हे उत्तर चालणार नाही. (इ) रोजनाम्यातील 'तक्रार नाही' या वाक्याला किती वजन द्याल? दंडाधिकाऱ्यांनी आणखी काय करायला हवे होते? (१४)

३. राज्याच्या जबाबदारीबद्दल सुनंदाच्या वकिलाचा युक्तिवाद लिहा आणि मग सरकारी वकिलाचे सर्वांत बळकट उत्तर लिहा. सरकारी बाजू मुद्दाम दुबळी करून मांडू नका. चर्चेत पुढील गोष्टी याव्यात: 'कस्तुरीलाल' (१९६५) मधील सार्वभौम कामाचा बचाव 'नीलाबती बेहरा' (१९९३) नंतर रिट अधिकारात टिकतो का, कोठडीत काय झाले हे फक्त पोलिसांना माहीत असते, तेव्हा खुलासा करण्याचे ओझे कोणावर, वणांचे वय '२ ते ४ दिवस' धरले तर काळ कोणत्या तारखांपासून कोणत्या तारखांपर्यंत जातो, आणि हे वय पोलिसांच्या बाजूने जाते की त्यांच्याच १६.१० च्या नोंदीला सुरुंग लावते. 'परमवीर सिंग सैनी' (२०२०) निकालातील साठवणीची मुदत आणि २० फेब्रुवारीच्या अर्जाची पोच एकत्र ठेवून पुसलेल्या चित्रणाबद्दल प्रतिकूल अनुमान काढता येते का, तेही सांगा. (१२)

४. भरपाई. 'रुदुल शाह' (१९८३) मध्ये एकूण ३५,००० रुपये, 'नीलाबती बेहरा'मध्ये १,५०,००० रुपये दिले गेले. हे आकडे आजच्या प्रकरणात कितपत मार्गदर्शक आहेत? उत्पन्नाचा कागद नाही, मग रक्कम कशावर ठरवाल? रिटमध्ये मिळालेली रक्कम पुढील दिवाणी दाव्यात कशी धरली जाईल आणि शासन ती अंमलदारांकडून वसूल करू शकते का? १ लाखाच्या हमीपत्राबद्दल सुनंदाला काय सल्ला द्याल? नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याच्या अनुच्छेद ९ बाबत भारताने १९७९ मध्ये नोंदवलेली भूमिका सरकारी वकिलाने पुढे केल्यास तुमचे उत्तर काय? ५० लाख मान्य करा अथवा करू नका, पण शेवटी तुमचा आकडा लिहा. (१०)

५. थोडक्यात: कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी केलेला मरणोत्तर पंचनामा संहितेच्या कलम १९६(२) ची गरज भागवतो का (कलम ३ सोबत वाचा)? राष्ट्रीय आयोगाच्या डिसेंबर १९९३ च्या निर्देशाप्रमाणे १७ तारखेची माहिती वेळेत होती का? आणि रफिकची तक्रार मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ च्या कलम ३६(२) मुळे अडते असे धरल्यास, त्याची हकिगत उच्च न्यायालयापुढे आणण्याचा दुसरा कोणता मार्ग सुनंदाच्या वकिलाकडे उरतो? (४)